साखर हवी होती

किराणा दुकानात गेल्यावर आपण म्हणतो, "अर्धा किलो साखर हवी होती." दुकानदार कधी विचारत नाही, "कधी हवी होती? काल? मग आता काय काम आहे?" तो मुकाट्याने साखर तोलायला घेतो. साखर आत्ता हवी आहे हे त्याला कळतं, आपल्यालाही कळतं, आणि तरी दोघांच्या मधे तो ‘होती’ ठाण मांडून बसलेला असतो. साहेबांच्या दारात उभं राहून आपण "जरा बोलायचं होतं" म्हणतो तेव्हाही तेच. ‘बोलायचं आहे’ म्हटलं तर अंगावर गेल्यासारखं वाटतं. ‘होतं’ म्हटलं की आपण अर्धं पाऊल मागे सरकतो.

तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. बँकेतले कारकून, परिचारिका, दुकानं सांभाळणाऱ्या बायका, परदेशात मुलगा असलेले निवृत्त लोक असा सगळा मेळा असतो. ‘विश’चा धडा आला की मी आधी या साखरेची गोष्ट सांगतो. पूर्वी सांगत नसे. सरळ फळ्यावर लिहायचो, ‘आय विश आय हॅड अ कार.’ आणि दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचंच, "सर, हॅड म्हणजे होती ना? मग यांनी गाडी विकली का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. वाक्याचा अर्थ आहे, ‘माझ्याकडे गाडी असती तर!’ म्हणजे गाडी आज नाही आणि दुःखही आजचंच आहे, पण क्रियापद मात्र भूतकाळात. पाठ्यपुस्तकात याचा नियम असतो: ‘विश’नंतर वर्तमानाबद्दल बोलायचं तर साधा भूतकाळ, भूतकाळाबद्दल बोलायचं तर पूर्ण भूतकाळ. नियम बरोबर आहे, पोरं पाठही करतात, आणि बोलायची वेळ आली की सगळं विसरतात. कारण असं का, हे कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजीतला भूतकाळ नेहमी काळ सांगतोच असं नाही. कधी कधी तो अंतर सांगतो. घडून गेलेली गोष्ट आपल्यापासून दूर असते, तशीच खरी नसलेली गोष्टही दूरच असते. इंग्रजीने दोन्हींसाठी एकच रूप वापरलं. आपल्या साखरेतला ‘होती’ही अंतराचाच आहे, फक्त ते अंतर अदबीचं. इंग्रजीतही अदबीने ‘आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग’ म्हणतातच, म्हणजे ‘जरा विचारायचं होतं’. हे अंतर एकदा ध्यानात आलं की ‘हॅड’मधली गाडी कुणी विकली हा प्रश्न पडत नाही. ती दूर आहे, कारण ती नाहीच.

आता प्रश्न असा, की वास्तवापासून दूर जाण्यासाठी साधा भूतकाळ वापरून टाकला, तर खरोखर भूतकाळात घडलेल्या गोष्टीची हळहळ सांगायला काय उरलं? इंग्रजीला मग आणखी एक पायरी मागे जावं लागतं. ‘आय विश आय हॅड अ कार’ म्हणजे आज गाडी असती तर. ‘आय विश आय हॅड बॉट अ कार’ म्हणजे तेव्हा घेतली असती तर. आणि ‘तेव्हा माझ्याकडे गाडी असती तर’ असं म्हणायचं असेल तर ‘आय विश आय हॅड हॅड अ कार’. दोनदा ‘हॅड’ आला की वर्गाला छापण्यात चूक झाली असं वाटतं. चूक नाही. पहिला ‘हॅड’ पायरीचा, दुसरा गाडीचा.

मराठीची गंमत वेगळी आहे. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. शाळेत हे चारही एका दमात म्हणून मोकळे झालो होतो, पण यातला संकेतार्थ हे आपलं खास धन आहे. ‘तो घरी असतो’ म्हटलं तर तो रोज घरी भेटतो. ‘तो घरी असता’ एवढंच म्हटलं, पुढे काहीही न बोलता, तरी ऐकणाऱ्याला कळतं की तो घरी नाही. ‘ती असते’ आणि ‘ती असती’ यांत फरक एका मात्रेचा, आणि तेवढ्यात असलेली बाई नसलेली होते. न घडलेल्या, नसलेल्या गोष्टीसाठी इतकं सरळ रूप इंग्रजीकडे नाही. (मान्य, आपलंही हे रूप सगळीकडे वेगळं दिसत नाही. ‘मी घरी असतो’ आणि ‘मी घरी असतो तर’ यांत क्रियापद तेच राहतं आणि सगळा भार ‘तर’वर येतो.)

इंग्रजीत असं रूप एके काळी होतं. जुन्या इंग्रजीत एकवचनातसुद्धा ‘तो होता’साठी एक रूप आणि ‘तो असता तर’साठी दुसरं रूप असे. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले आणि बहुतेक क्रियापदांत दोन्ही रूपं एक झाली. एकाच ठिकाणी जुनी खूण उरली: ‘आय विश आय वेअर टॉलर’. एरवी ‘आय’पुढे ‘वॉज’ येतो, इथे मात्र ‘वेअर’. बोलताना इंग्रज माणूसही सर्रास ‘वॉज’ म्हणतो आणि ती चूक मानत नाहीत, पण लिहिताना आणि परीक्षेत ‘वेअर’ शोभतो.

मग मराठी माणूस अडखळतो कुठे? आपल्या ‘असता’ला खरं-खोटं कळतं, पण काळाची त्याला फारशी फिकीर नसते. ‘आज बाबा असते तर’ आणि ‘माझ्या लग्नात बाबा असते तर’ ही दोन वाक्यं पाहा. एक आजचं, एक पंचवीस वर्षांपूर्वीचं, पण क्रियापद हुबेहूब तेच. काळ सांगण्याचं काम ‘आज’ आणि ‘लग्नात’ या शब्दांवर सोडलेलं आहे. ‘मला पोहता आलं असतं तर’ हे तर दोन्हीकडे चालतं: आज तळ्याकाठी उभं राहून म्हणा, नाहीतर पूर ओसरल्यावर. इंग्रजीत ही मोकळीक नाही. तिथे बाबा आज हवे आहेत की तेव्हा हवे होते, हे क्रियापदातच ठरवावं लागतं: ‘आय विश फादर वेअर हिअर’ किंवा ‘आय विश फादर हॅड बीन देअर’. थोडक्यात, आपण नसलेपण नेमकं सांगतो आणि काळ सैल सोडतो. इंग्रजी काळ नेमका सांगते, आणि नसलेपण आपण त्या काळावरून ओळखायचं असतं.

दुसरी चूक याच्याच पोटातून येते. ‘गेलो असतो तर बरं झालं असतं.’ दोन्ही तुकड्यांत ‘असतं’ आहे. दुसऱ्या तुकड्यातल्या ‘झालं असतं’चं इंग्रजी ‘वुड हॅव बीन’, हे शाळेत पक्कं झालेलं असतं. मग पहिल्या ‘असतो’लाही तोच न्याय लावला जातो आणि ‘आय विश आय वुड हॅव गॉन’ असं वाक्य बाहेर पडतं. अमेरिकेत बोलताना पुष्कळ जण असंच म्हणतात, तेव्हा सिनेमात ऐकलंत म्हणून माझ्याशी भांडू नका. परीक्षेचा पेपर तपासणारा मात्र लाल रेघ ओढतो. हळहळीच्या तुकड्यात ‘वुड हॅव’ नको, ‘हॅड’ हवा: ‘आय विश आय हॅड गॉन’.

एकदा मी वर्गाला आपापल्या घरातली एखादी हळहळ पाच-सहा ओळींत लिहून आणायला सांगितलं होतं. बहुतेकांनी परीक्षा, नोकरी, हुकलेली गाडी असलं काहीबाही लिहिलं. एका ताईंनी मात्र वहीचं अख्खं पान भरलं होतं. आजोबांनी हमरस्त्याकडेची जमीन विकली होती. तिथे आता प्लॉट पडलेत, आणि या मंडळींचा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत. भाऊ अजूनही त्यावरून वडिलांना टोचून बोलतो. पहिलं वाक्य होतं, ‘आय विश ग्रँडफादर वुड नॉट हॅव सोल्ड द लँड.’ दुसरं, ‘आय विश वुई हॅव आवर ओन हाउस.’

मी त्यांना म्हटलं, ताई, ‘विश’ तूर्तास बाजूला ठेवा. आधी जे खरं आहे तेवढंच साध्या इंग्रजीत लिहा. त्यांनी लिहिलं: आजोबांनी जमीन विकली, ‘ही सोल्ड द लँड’. आमचं स्वतःचं घर नाही, ‘वुई डोन्ट हॅव आवर ओन हाउस’. आम्ही भाड्याने राहतो, ‘वुई लिव्ह इन अ रेंटेड हाउस’. आता प्रत्येक वाक्याला दोन गोष्टी करायच्या. होकार असेल तर नकार करायचा, नकार असेल तर होकार, कारण हळहळ नेहमी वस्तुस्थितीच्या उलट्या बाजूची असते. आणि क्रियापद एक पायरी मागे न्यायचं. ‘सोल्ड’ आधीच भूतकाळात आहे, म्हणून ते आणखी मागे जातं: ‘आय विश ही हॅडन्ट सोल्ड द लँड.’ ‘डोन्ट हॅव’ आजचं आहे, म्हणून एकच पायरी: ‘आय विश वुई हॅड आवर ओन हाउस.’ तिसऱ्या वाक्याचं होतं, ‘आय विश वुई डिडन्ट लिव्ह इन अ रेंटेड हाउस.’ इथे ताई थबकल्या. ‘डिडन्ट’ म्हणजे राहत नव्हतो ना? मी नुसतं म्हटलं, साखर. त्या हसल्या आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.

आपलं वाक्य बरोबर झालं का, हे तपासायलाही हीच युक्ती उलटी चालते. ‘विश’ काढून टाका, होकार-नकार उलटवा, एक पायरी पुढे या. जे वाक्य हाती लागेल ते खरं असलं पाहिजे. ‘आय विश आय हॅडन्ट शाउटेड’ उलटवलं की ‘आय शाउटेड’ मिळतं, म्हणजे मी ओरडलो. ओरडलो असेन तर वाक्य बरोबर. नुकसान एकच असतं, पण ते कुठून पाहायचं हेही वाक्य ठरवतं, हे ताईंच्या पहिल्या दोन ओळींत दिसतं. एकीत बोट आजोबांच्या सहीकडे आहे, दुसरीत आजच्या भाड्याच्या खोल्यांकडे.

भावाची ओळ वेगळी होती. तो टोचून बोलतो, हे रोज चालू आहे आणि ते थांबवणं त्याच्या हातात आहे. इथे ‘वुड’ चालतो, किंबहुना तोच हवा: ‘आय विश ही वुड स्टॉप ब्लेमिंग फादर.’ दुसऱ्याने काही करावं किंवा करणं थांबवावं, आणि तो ते करत नाही म्हणून आपण वैतागलो आहोत, अशा जागी हा ‘वुड’ येतो. पावसालाही तो लागतो, ‘आय विश इट वुड स्टॉप रेनिंग’, जणू पाऊसच हट्टाला पेटलाय. स्वतःबद्दल मात्र ‘आय विश आय वुड’ सहसा म्हणत नाहीत. स्वतःवर वैतागायचं असेल तर ‘कुड’ घ्यावा: ‘आय विश आय कुड वेक अप अर्ली.’

‘वुड’मधला हा वैताग ज्यांच्या कानाला कळत नाही, त्यांची फजिती होते. वर्गातल्या एका गृहस्थांनी वरिष्ठांना अगदी नम्रपणे लिहिलं होतं, ‘आय विश यू वुड रिप्लाय सून.’ त्यांच्या मनात होतं, ‘लवकर उत्तर दिलंत तर बरं होईल.’ वरिष्ठांनी वाचलं, ‘एकदाचं उत्तर द्याल तर शपथ!’ फोन आला तो चढ्या आवाजातच. तिथे ‘कुड यू प्लीज’ने काम भागलं असतं.

उलट बाजूने फसायचं ठिकाण म्हणजे ‘आय विश आय कुड कम’. माझ्या भाच्याने परगावी नोकरीच्या ठिकाणी एका सहकाऱ्याला जेवायला बोलावलं. तो म्हणाला, ‘आय विश आय कुड.’ भाच्याने अर्थ लावला: याला यायची इच्छा आहे, जमवतोय बिचारा. त्याच्या नावचं पान मांडून नऊ वाजेपर्यंत सगळे ताटकळत बसले. तो मुळीच येणार नव्हता. ते शिष्टाचाराचं नाही होतं, आपल्या ‘यायचं होतं हो, पण…’सारखं. आपल्याकडे तो ‘पण’ ऐकून यजमान समजून चुकतो. इंग्रजीत तो ‘पण’ न उच्चारताच ‘कुड’मध्ये दडलेला असतो.

या घोटाळ्याचं मूळ शब्दकोशात आहे. ‘विश’ म्हणजे ‘इच्छा’ असं आपण पाठ केलेलं असतं. पण ज्या इच्छेपुढे पूर्ण वाक्य येतं, ती बहुधा अपुरी राहिलेली किंवा राहणारी असते. पूर्ण होण्यासारखी इच्छा सांगायला ‘होप’ आहे. परीक्षेला निघालेल्या पुतण्याला ‘आय विश यू विल पास’ म्हणणं व्याकरणात बसत नाही. त्याला म्हणावं, ‘आय होप यू पास’. ‘आय विश यू सक्सेस’ मात्र चालतं, कारण तिथे ‘विश’पुढे वाक्य नसून देण्याची वस्तू आहे. आपण शुभेच्छा देतो, तसं ते यश देतात.

‘इफ ओन्ली’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. पायऱ्या त्याच, फक्त उसासा मोठा. ‘इफ ओन्ली आय हॅड लिसन्ड!’ आपण ‘ऐकलं असतं तर…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडतो, तसंच तेही सोडतात. ‘ओन्ली इफ’ हा त्याचा लांबचा नातेवाईकही नव्हे. त्याचा अर्थ ‘अमुक झालं तरच’, आणि तो दुःखात नाही, करारात शोभतो.

ऐकताना मात्र एक अडचण उरते. बोलताना इंग्रज माणूस ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही आखडून नुसता ‘ड’ उच्चारतो: ‘ही’ड’. कोणता ‘ड’ ते पुढच्या क्रियापदावरून ओळखायचं. ‘आय विश ही’ड गॉन’ असेल तर ‘हॅड’, ‘आय विश ही’ड गो’ असेल तर ‘वुड’. पण ‘कम’चं काय? त्याचं मूळ रूप ‘कम’, आणि ‘हॅड’नंतर येणारं रूपही ‘कम’च. ‘आय विश ही’ड कम’ याचे दोन अर्थ होतात: ‘तो आला असता तर’ आणि ‘येईल तर बरं, येत का नाही!’ एकात गोष्ट संपली आहे, दुसऱ्यात आई अजून दाराकडे बघते आहे. ‘रन’, ‘पुट’, ‘कट’, ‘शट’ यांचंही असंच. इथे इंग्रजांनाही मागचं-पुढचं बोलणं पाहूनच अर्थ लावावा लागतो.

जमिनीचं पान मी दुरुस्त करून परत दिलं. पुढच्या आठवड्यात ताई पुन्हा वही घेऊन आल्या. ते पान त्यांनी घरी आजीला मराठीत सांगितलं होतं. आजी तडकून म्हणाली होती, "विकली नसती तर तुझ्या बापाचं कॉलेज झालं नसतं." हे इंग्रजीत कसं लिहायचं, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी सुरुवात केली होती, ‘आय विश ही हॅडन्ट सोल्ड’, आणि तिथेच अडल्या होत्या.

अडणं बरोबर होतं. मराठीत ‘विकली नसती तर’ हे शब्द नातीच्या तोंडी हळहळ होतात आणि आजीच्या तोंडी सुटका. रूप दोघींनाही चालतं, कारण त्यात फक्त ‘तसं झालं नाही’ एवढंच आहे. त्याचं वाईट वाटतं की बरं, हे पुढच्या तुकड्यावर सोडलेलं असतं. ‘विश’ आणि ‘इफ ओन्ली’ तसं सोडत नाहीत. ते आले की जमीन विकली याचं दुःख आहे हे ठरूनच जातं, आणि आजीला तिथे उभं राहायला जागा उरत नाही. तिच्यासाठी नुसता ‘इफ’ हवा: ‘इफ ही हॅडन्ट सोल्ड द लँड, फादर वुडन्ट हॅव गॉन टु कॉलेज.’ पायरी तीच, ‘हॅडन्ट सोल्ड’ तसंच, फक्त ‘आय विश’ नाही.

ताईंनी ‘आय विश’ खोडून ‘इफ’ लिहिलं. मग जरा थांबून वरच्या पहिल्या ओळीकडे पाहिलं. तिथला ‘विश’ त्यांनी खोडला नाही.